किरणाकृतीचे गुण वाढवून मागणाऱ्या चिठ्ठीची शास्त्रोक्त पद्धत

सहामाहीचा पेपर हातात पडताच चिठ्ठी लिहायला बसू नये. आधी पट्टी घ्यावी. विज्ञानाच्या बाईंशी वाद घालायचा तर आवाजाने नव्हे, मिलिमीटरने घालावा.

समजा प्रश्न असा होता: बहिर्वक्र भिंगाचे नाभीय अंतर 10 सेमी, वस्तू भिंगापासून 15 सेमीवर, किरणाकृती काढून प्रतिमेचे स्थान व स्वरूप सांगा. गुण तीन, पदरात पडला एक. एका किरणाखाली लाल रेघ आणि पुढे प्रश्नचिन्ह. हे प्रश्नचिन्ह म्हणजेच आशेला जागा. सरळ फुली असती तर हे मार्गदर्शन वाचण्याचे कारण नव्हते.

बाईंनी फळ्यावर दोन किरण काढले होते: एक मुख्य अक्षाला समांतर येऊन पलीकडच्या नाभीतून जाणारा, दुसरा प्रकाशीय केंद्रातून न वळता जाणारा. तुम्ही केंद्रातला किरण ठेवलात, पण समांतराऐवजी अलीकडच्या नाभीतून, म्हणजे F1 मधून जाणारा घेतलात. तो भिंगातून बाहेर पडताना अक्षाला समांतर होतो. नियम तिन्ही किरणांचे आहेत आणि प्रतिमा ठरवायला त्यातले कोणतेही दोन पुरतात. तुमचा हक्क उभा आहे तो एवढ्यावरच.

आता तो सिद्ध करावा. कोऱ्या कागदावर (उत्तरपत्रिकेवर मुळीच नाही, तिथे आता पेन्सिल टेकवणे हा वेगळा गुन्हा आहे) 1 सेमी म्हणजे 5 सेमी हे प्रमाण घेऊन आकृती पुन्हा काढावी. नाभी 2 सेमीवर, वस्तू 3 सेमीवर, वस्तूची उंची कागदावर 1 सेमी. F1 मधला किरण भिंगाला अक्षाच्या 2 सेमी खाली भेटतो आणि तिथून समांतर निघतो. केंद्रातला किरण त्याला भिंगापासून 6 सेमीवर गाठतो. मग बाईंचा लाडका समांतर किरण काढावा. तोही त्याच बिंदूतून गेला, की प्रतिमा 30 सेमीवर, वास्तव, उलट आणि दुप्पट. सूत्रही हेच सांगते: 1/v = 1/10 − 1/15 = 1/30.

इथे बहुतेक अर्जदार गळतात, आणि गळावेतच. उत्तरपत्रिकेतल्या भिंगाची उंची मोजावी. भिंग अक्षाखाली दीडच सेंटिमीटर असेल, तर तुमचा किरण काचेला न शिवता मोकळ्या हवेत वळला आहे. बाईंचे प्रश्नचिन्ह त्यालाच असू शकते. अशा वेळी पट्टी दप्तरात ठेवून डबा खावा.

भिंग पुरेसे उंच निघाले तर बाण पाहावेत. किरणांवर बाण नसतील तर त्या रेघा आहेत, किरण नव्हेत. प्रकाश कुठून कुठे चालला हे त्या सांगत नाहीत. बाणांचा गुण गेला तो गेला. तो चिठ्ठीत स्वतःहून सोडून द्यावा. एक गुण सोडणाऱ्याचा दुसऱ्या गुणाचा दावा वजनदार वाटतो, आणि सोडलेला गुण तसाही मिळणार नव्हता.

मसुदा असा:

“आदरणीय बाई, सा. न. वि. वि. प्रश्न 4 मधील किरणाकृतीत मी समांतर किरणाऐवजी F1 मधून जाणारा किरण घेतला आहे. सोबतच्या कागदावर तिन्ही किरण काढून पाहिले. ते एकाच बिंदूत मिळतात. बाण दाखवायचे राहिले, ती माझी चूक आहे. किरणांचा गुण देता येईल का, हे कृपया सवडीने पाहावे. आपली आज्ञाधारक विद्यार्थिनी.”

यात ‘अन्याय’ हा शब्द नाही. शेजारणीला किती मिळाले ते नाही. ‘बाबा विचारत होते’ हे तर नाहीच. बाबा आले की प्रकाशशास्त्र संपते आणि पालकसभा सुरू होते. लाल शाईही वापरू नये, तो रंग बाईंचा आहे.

चिठ्ठी मधल्या सुट्टीत चहा येण्यापूर्वी देऊ नये, दहावी क चा तास आटोपून बाई येत असताना तर नकोच. हे सगळे शाळेच्या परीक्षेपुरते. बोर्डाच्या पेपरला बाई भेटत नाहीत. तिथे छायाप्रत, पुनर्मूल्यांकन आणि शुल्क भेटते.

शेवटची तपासणी पेपर उलटून करावी, कारण बाई फक्त चौथा प्रश्न पाहतील याची हमी नाही. त्याच भिंगाची शक्ती विचारली होती आणि तुम्ही 10 सेमीचे मीटर न करता 1/10 करून 0.1 डायॉप्टर लिहिलेत (खरे उत्तर 10 डायॉप्टर), तरी घाईत त्यावर बरोबरची खूण पडली असेल, तर चिठ्ठीने एक गुण येईल आणि एक जाईल. बेरीज तीच राहील, वर पुढच्या पेपरला बाई तुमचे एकक आधी पाहतील.