शेतापासून काट्यापर्यंत

प्रति,
मा. कॉर्पोरेट कम्युनिकेशन प्रमुख,
(कंपनीचे नाव सौजन्यापोटी गाळले आहे), मुंबई

विषय : आपल्या मराठी प्रसिद्धिपत्रकाबद्दल कृतज्ञता

महोदय,

रहिमतपुरात आपण आल्यावर प्रक्रिया करणारे केंद्र काढत आहात, त्याचे प्रसिद्धिपत्रक मिळाले. इंग्रजीसोबत मराठी प्रतही जोडलीत, याबद्दल आभार. मी इथला अर्धवेळ वार्ताहर. उरलेल्या वेळात झेरॉक्सचे दुकान चालवतो. म्हणून आपल्या मराठी प्रतीच्या चार झेरॉक्स काढून गावात वाचायला दिल्या. तिघांनी हे सरकारी अध्यादेशासारखे काहीतरी आहे म्हणून परत केल्या. चौथे आमचे तात्या. त्यांच्याकडे पुढे येतोच.

आधी मथळा. ‘भारतातील अग्रगण्य एकात्मिक कृषी-समाधान प्रदात्याद्वारे रहिमतपूरमध्ये अत्याधुनिक आले प्रक्रिया सुविधेच्या शुभारंभाची घोषणा.’ आमच्या पानावर मला दोन कॉलमांची जागा मिळते. तिथे पाच-सहा शब्दांत काम भागवावे लागते, त्यामुळे ‘अग्रगण्य’ आणि ‘अत्याधुनिक’ दारातच चपला काढून थांबतात. ‘सुविधा’ आमच्याकडे स्टँडवर असते आणि तिच्या दाराला कडी नसते. ‘समाधान’ शेतकऱ्याला प्रदात्याकडून मिळाल्याचे ऐकिवात नाही. राहता राहिले ‘रहिमतपूरमध्ये’. मराठी माणूस रहिमतपुरात राहतो. ‘त’ प्रत्यय लागला की ‘पू’ ऱ्हस्व होतो आणि मथळ्यातले एक अक्षरही वाचते.

मग उपसंपादकाने आपल्या मथळ्याचे शेपूट कापून ‘रहिमतपुरात आले प्रक्रिया केंद्र’ असा मथळा केला. अगदी सुटसुटीत. फक्त गावाने तो ‘केंद्र आले’ असा वाचला. यात आपल्या संस्थेचा दोष नाही, मराठीत आलेही येते आणि पाहुणेही येतात. पण म्हणूनच इंग्रजी मथळा शब्दाला शब्द लावून उतरवता येत नाही. दुसऱ्या दिवशी दोघे जण विचारायला आले, काटा कुठे लावलाय?

काटा लावलेलाच नव्हता! आपल्या पत्रकात पहिल्या ओळीत ‘लाँच’ आहे आणि चौथ्या परिच्छेदात व्यावसायिक कामकाज ‘आर्थिक वर्षाच्या चौथ्या तिमाहीत सुरू होणे अपेक्षित’ आहे. म्हणजे ‘लाँच’ हा घोषणेचा, केंद्राचा नव्हे. शिवाय चौथी तिमाही म्हणताच आमचा वाचक ऑक्टोबर ते डिसेंबर धरतो, आणि आपली असते जानेवारी ते मार्च. ज्याला आले काढायचे की जमिनीत ठेवायचे हे ठरवायचे आहे, त्याच्या दृष्टीने हा तीन महिन्यांचा फरक मोठा आहे. अनुवादात सरळ ‘जानेवारी ते मार्चदरम्यान सुरू करण्याचा कंपनीचा अंदाज’ लिहिले असते तर कुणी आल्याचे पोते उचलून आणले नसते.

आणखी एक. इंग्रजीत ‘अपेक्षित’, ‘शक्य’, ‘दोनशेपर्यंत’ अशा सावध शब्दांची कुंपणे असतात. मराठी मथळ्यात या सगळ्यांना मिळून एकच शब्द आहे : ‘होणार’. ‘प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष मिळून दोनशेपर्यंत रोजगारनिर्मिती अपेक्षित’ हे आमच्या पानावर येईतो ‘२०० जणांना नोकऱ्या मिळणार’ होते. आपण म्हणाल, शेवटी खुलासा जोडला होता. होता ना, ‘पुढे पाहणारी विधाने’ नावाचा! पण बातमी खालून कापतात, महोदय. जाहिरात आली की पहिली उडते ती शेवटची ओळ. कुंपण घालायचे तर पहिल्याच वाक्यात घाला.

आकड्यांचे थोडक्यात सांगतो. ‘५०० दशलक्ष रुपये’ चूक नाही, पण ते ५० कोटी आहेत हे वाचकाने बोटे मोजून का काढावे? आमच्या एका वार्ताहर मित्राने घाईत दशलक्षाचे लाख केले आणि आपली गुंतवणूक ५ कोटींवर आणली. वार्षिक १२,००० मेट्रिक टन क्षमतेचेही तसेच. इथे आल्याचा दर गाडीवर ठरतो आणि गाडी म्हणजे ५०० किलो. ‘वर्षाला २४ हजार गाड्या’ म्हटले असते तर स्टँडवरच्या चहावाल्यालाही केंद्र केवढे ते कळले असते.

आता अवतरणचिन्हे. कंपनीच्या साहेबांच्या तोंडी आपण घातले आहे : ‘शेतापासून काट्यापर्यंतची आमची पदचिन्हे विस्तारताना आम्ही रोमांचित आहोत.’ मूळ इंग्रजीतला काटा जेवणाच्या ताटातला. आमचा काटा वजनाचा. त्यामुळे शेतकऱ्यांना हे वाक्य संपूर्ण पत्रकात सर्वांत चांगले समजले आणि त्यांनी त्यावर मान डोलावली, कारण शेतापासून काट्यापर्यंत माल नेताना रोमांच त्यांनाही येतात. ते वाक्य साहेबांनी कधीच उच्चारले नसणार हे मला ठाऊक आहे, ते आपल्या संस्थेने लिहिले आणि वकिलाने तपासले. त्याबद्दल तक्रार नाही. मी अवतरण काढून ‘...असे त्यांनी सांगितले’ करतो आणि मोकळा होतो.

पण तात्यांचे काय करू? पत्रकात एका ‘लाभार्थी शेतकऱ्याचे’ निवेदन आहे : ‘या परिसंस्थेने मला सक्षम केले आणि पारदर्शक मूल्यप्राप्ती खुली केली, असे तो म्हणाला.’ ज्या गावात वसंत कानेटकरांसारखा नाटककार जन्मला, त्या गावच्या माणसाच्या तोंडी हा संवाद! तात्या ही झेरॉक्स घेऊन दुकानात आले आणि म्हणाले, ‘मी हे कवा बोललो रं?’ तुमच्या माणसाने मोबाइलवर त्यांचे बोलणे टिपले होते. तात्यांना आठवत होते ते असे : ‘वजन डोळ्यांदेखत करतो, पैसं आठ दिसांत देतो म्हणत्यात. दराचं मात्र बघाय पायजे.’

मराठी बोललेला माणूस मुंबईत इंग्रजी झाला आणि परत मराठी होऊन रहिमतपुरात उतरला. या प्रवासात ‘डोळ्यांदेखत’चे ‘पारदर्शक’ झाले, ते एक वेळ चालेल. ‘देतो म्हणत्यात’मधले ‘म्हणत्यात’ गळाले आणि वायदा व्यवहार ठरला. शेवटचे वाक्य तर वाटेतच कुठेतरी उतरले. याला अनुवाद म्हणत नाहीत, साक्ष फिरवणे म्हणतात. आणि वर एक बारीक गोष्ट : इंग्रजीत दोघांनाही एकच क्रियापद आहे, मराठीत मात्र साहेब ‘म्हणाले’ आणि साठी उलटलेले तात्या ‘म्हणाला’. तात्यांना दरापेक्षा हे जास्त लागले.

बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ काढले, तेव्हा एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजी मजकूर छापला. दोन्ही भाषा जाणणाऱ्या वाचकाला शेजारीशेजारी ठेवून ताडून बघता येई. आपल्या मराठी प्रतीची इंग्रजीशी अशी गाठ कुणी घालून पाहिली असती, तर मला हे पत्र लिहावे लागले नसते.

तेव्हा विनंती एवढीच. पुढच्या वेळी इंग्रजी प्रत तेवढी पाठवा, मराठी आम्ही करू. तात्यांचे बोलणे मात्र लिहून पाठवू नका, त्याची मूळ ध्वनिफीत पाठवा, शेवटच्या वाक्यासकट. आणि पत्रक पीडीएफमधून नको. त्यातून मजकूर उचलला की जोडाक्षरे फुटतात आणि ‘प्रक्रिया’ हा शब्द मला दर वेळी नव्याने टाइप करावा लागतो.

आपला,
रहिमतपूरचा वार्ताहर

ता. क. : तात्यांचे निवेदन मी त्यांच्या शब्दांत, ‘म्हणाले’ घालून, दराच्या वाक्यासह पाठवले होते. बातमी खालून कापली गेली. दराचे वाक्य गेले.