गादीची वाटणी

कर्जतला स्टेशनजवळ राहणाऱ्याला रात्रीच्या आवाजाचं काय कौतुक? घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून बँकर इंजिनं लागतात, शिट्ट्या होतात, मालगाडी खडखडत जाते. घरात कोणी कूससुद्धा बदलत नाही. शेजारी नवरा घोरला, की मात्र बायको टक्क जागी.

मालगाडीला कोपर मारता येत नाही ना!

यात थोडं शास्त्रही आहे. रोजच्या, ओळखीच्या आवाजाकडे मेंदू काणाडोळा करतो. घोरणं चढतं, अडतं, मध्येच थांबतं. मग ऐकणारा पुढच्याची वाट बघत पडून राहतो. जुलैत ही तक्रार कमी होते, कारण पत्र्यावर पाऊस सलग कोसळत असतो आणि त्यात सगळं बुडून जातं. ऑक्टोबरात पाऊस परत जातो आणि घरोघरी पुन्हा ऐकू यायला लागतं. अशा वेळी माळ्यावरचा जुना टेबल फॅन खाली काढावा आणि तोंड भिंतीकडे करून उशाशी लावावा. वारा नाही मिळाला तरी चालेल, घरघर हवी.

एका घरघरीवर दुसरी. संसार असाच चालतो.

आता मूळ आरोपीकडे वळू. तो नवरा नव्हे, डबलबेड. लग्नात कपाट, ड्रेसिंग टेबल आणि बेड असा सेट येतो आणि दोन माणसांनी पुढची चाळीस वर्षं एकाच गादीवर काढायची, हे परस्पर ठरून जातं. कोणी ठरवलं? जुन्या घरात आजोबा ओटीवर झोपायचे, आजी माजघरात. ‘नवरा-बायकोनं वेगळं झोपणं आपल्यात बसत नाही’ म्हणणाऱ्या आत्याबाईंना विचारून बघा, त्यांचे वडील कुठे झोपत होते?

आणि तरीही आत्याबाईंना पाच भावंडं.

दहिवलीतलं एक जोडपं घ्या. नवरा मुंबईला नोकरीला. जायला दोन तास, यायला दोन तास. रात्री उशिरा जेवतो आणि लगेच आडवा होतो. झोपेत घोरतोच, शिवाय तव्यावरच्या भाकरीसारखा उलटत राहतो. बायकोला पहाटे डबा करायचा असतो. तिनं आधी उशी बदलली, मग कानात कापूस घातला, मग नवस बोलली. गादीकडे कोणाचं लक्षच गेलं नाही.

गादीची परीक्षा सोपी आहे. बायकोच्या बाजूला ताटात पाण्यानं पाऊण भरलेला पेला ठेवायचा आणि नवऱ्याला त्याच्या बाजूला कूस बदलायला सांगायचं. पाणी हिंदकळून ताटात सांडलं, तर ती रात्रभर तेच सोसते आहे. साध्या स्प्रिंगच्या गादीत स्प्रिंगा एकमेकींत अडकवलेल्या असतात, त्यामुळे एका टोकाचा धक्का दुसऱ्या टोकाला जातो. यांच्याकडे पाणी सांडलं. वर नवऱ्यालाच राग आला, ‘चादर ओली केलीस’ म्हणून.

तोडगा निघाला तो वाटणीचा. बेड तोच ठेवला, सहा फूट रुंद. वरची एक गादी काढून तीन-तीन फुटांच्या दोन ठेवल्या. दोन्हींची उंची मात्र एकच हवी, नाहीतर एक जण कायम उतारावर. मधल्या फटीत घडी घातलेली चादर दाबून बसवली. खालची चादर एकच, म्हणजे पाहुण्यांना पत्ता नाही. पांघरुणं दोन. अर्धी रात्र तर गोधडीच्या ओढाताणीतच जाते, हे कोण कबूल करतं? कापसाची गादी असेल, तर पिंजाऱ्याकडून एकीच्या दोन करून घेता येतात. खर्चही बेताचा.

जमिनीच्या वाटणीत भाऊ तुटतात. गादीच्या वाटणीत जोडपं टिकलं.

दोन गाद्यांनी हादरा थांबतो, लाथ थांबत नाही. त्यासाठी मध्ये लोड. पण संध्याकाळी पडल्यावर पायांत काही सरपटल्यासारखं होतं आणि हलवल्याशिवाय चैन पडत नाही, असं कोणी म्हणत असेल, तर लोड पुरणार नाही. डॉक्टरांना सांगून शरीरातला लोहाचा साठा तपासून घ्यावा. आणि उतारवयातला माणूस झोपेत ओरडून हात-पाय झाडायला लागला, म्हणजे स्वप्नातलं भांडण प्रत्यक्ष भांडायला लागला, तर त्याला हसू नये. मेंदूच्या डॉक्टरांकडे न्यावं.

घोरण्याचं काय? आधी बघायचं, की उताणा असतानाच घोरतो की कुशीवरही. उताणं झोपल्यावर जीभ आणि घशाचा सैल भाग मागे पडतो, वाट अरुंद होते आणि हवा तिथून फडफडत जाते. कुशीवर आवाज बंद होत असेल, तर नशीब समजा. बनियनला पाठीवर खिसा शिवून त्यात चेंडू ठेवतात, तो उपाय अशांनाच लागू पडतो. तोही टोचतो म्हणून बरेच जण चार दिवसांत काढून ठेवतात. पाठीमागे लोड लावणं जास्त सुखाचं. दोन उशा घेऊ नका, मान दुमडते. त्यापेक्षा बेडच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवा. आणि झोपण्याआधीचा पेग? घसा आणखी सैल करतो.

‘दिवसभराचा शीण जातो’ म्हणतात. जातो ना, शेजारणीकडे.

इथपर्यंत गंमत. पण घोरता घोरता आवाज एकदम बंद होतो, दहा-पंधरा सेकंद श्वासच येत नाही, मग गुदमरल्यासारखा मोठा श्वास घेऊन गाडी पुन्हा सुरू होते, असं असेल तर ते घोरणं नव्हे. तो झोपेतला श्वासरोध, म्हणजे स्लीप ॲप्निया. हे घोरणाऱ्याला कळत नाही, शेजारणीलाच दिसतं. बहुतेकदा ती त्या शांततेत ‘सुटले’ म्हणून डोळे मिटते. त्याऐवजी मोबाईलवर रेकॉर्ड करावं आणि डॉक्टरांना ऐकवावं.

डॉक्टर मग प्रश्नावली देतात. 1991 साली मेलबर्नच्या मरे जॉन्स यांनी केलेली, एपवर्थ नावाची. आठ प्रसंगांत डुलकी लागण्याची शक्यता किती, प्रत्येकी शून्य ते तीन गुण. एकूण दहाच्या वर गेलं, की दिवसाची झोप जास्त. त्यात एक प्रसंग असा: तासभर न थांबता गाडीत प्रवासी म्हणून बसलात, तर डुलकी लागते का?

कर्जतकराला हे विचारायचं? नेरळ यायच्या आत माना पडतात!

त्यामुळे आपल्याकडे त्या उत्तरावर जाऊ नये. समोरच्याशी बोलता बोलता डोळा लागतो का, दुचाकी चालवताना पापण्या जड होतात का, सकाळी डोकं दुखतं का, ते सांगावं. मग रात्रभर वायरी लावून झोपेची तपासणी होते. तासाला सरासरी पंधरा वेळा किंवा त्याहून जास्त श्वास अडखळला, की दुखणं मध्यम, तीसच्या पुढे गंभीर. अशांना बहुतेकदा नाकावर मास्क लावून हवेच्या दाबानं घसा उघडा ठेवणारं यंत्र देतात. मास्क बघून पहिल्या रात्री बायको दचकते. आठवड्याभरात तीच विचारते, ‘लावलंत का?’

आता शेवटचा, अडचणीचा मुद्दा. आतापर्यंत घोरणारा सगळीकडे पुरुषच धरला. का? पाळी गेल्यानंतर बायकांमध्येही घोरणं आणि श्वासरोध दोन्ही वाढतात. पण नवऱ्याचं घोरणं गल्लीभर सांगतात आणि बायकोचं ‘दमली असेल बिचारी’ म्हणून दाबतात. तपासणीला नेतं कोण? दहिवलीच्या त्या नवऱ्याला यंत्र मिळालं, तो शांत झोपायला लागला. तेव्हा कुठे पलीकडच्या गादीवरून आवाज येतोय, हे त्याच्या कानावर पडलं. सकाळी त्यानं ते सांगितलं.

दोन दिवस डबा मिळाला नाही.