ते नाव फोनचं आहे

घाटंजी तालुक्यात शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या बैठका आता मोबाइलवर होतात. कुणाला वेचणीच्या दिवसात घाटंजीला येणं जमत नाही, कुणी मुलाकडे पुण्याला गेलेलं असतं, म्हणून व्हीसी लावली जाते. बैठक संपता संपता कुणीतरी स्क्रीनशॉट काढतो आणि इतिवृत्तात एक ओळ चढते: 'उपस्थिती सोबतच्या स्क्रीनशॉटप्रमाणे.' या एका ओळीला माझा ठाम विरोध आहे. चौकटीखाली दिसणारं नाव माणसाने तिथे बसून दिलेली सही नाही. ते बहुतेक वेळा फोनचं किंवा खात्याचं नाव असतं.

ते येतं कुठून, ते बघा. झूममध्ये खात्यात न शिरता मोबाइलवरून जोडलं, तर बऱ्याचदा फोनचंच नाव पुढे येतं, म्हणून पडद्यावर Redmi Note 9 झळकतं. एकदा काही टाइप केलं असेल तर पुढच्या वेळी ॲप तेच पुढे करतं. यजमानाने मुभा बंद केली नसेल, तर चालू बैठकीतही नाव बदलता येतं. गूगल मीटवर खात्याचं नाव दिसतं, आणि आपल्याकडे ते खातं अनेकदा मोबाइल दुकानदाराने किंवा शाळकरी मुलीने उघडून दिलेलं असतं. कोरोनाच्या काळात एका फोनवर अख्ख्या घराची शाळा भरली. त्या फोनवर तेव्हा टाकलेलं नाव आजही वडिलांच्या बैठकीत उगवू शकतं.

आता एक बैठक मांडून बघू. प्रसंग कल्पित आहे, पण यातला एकेक प्रकार व्हीसीला बसणाऱ्याला ओळखीचा वाटेल. दहा संचालकांची कंपनी, बँकेकडून खेळतं भांडवल घेण्याचा ठराव, आणि स्क्रीनशॉटमध्ये सहा चौकटी. पहिलीत अध्यक्षांचा चेहरा आणि त्यांचंच नाव. दुसरी आणि तिसरी चौकट एकाच संचालकाची, कारण लॅपटॉपचा आवाज येत नव्हता म्हणून ते मोबाइलवरूनही जोडले गेले. चौथीत 7th B Roll 14. संचालक जोडणी करून शेतात गेले, फोन नातीजवळ. पाचवीखाली CSC PARWA असं एकच नाव, आणि त्यामागे एका बाकावर तीन संचालक. कॅमेऱ्यात मात्र दोघेच मावतात. सहावी Redmi Note 9, कॅमेरा बंद, माइक बंद.

इतिवृत्त लिहिणारा सहा चौकटी मोजून सहा उपस्थित लिहितो. खरे किती? अध्यक्ष एक, दोन यंत्रांवरचे एक, सीएससीतले तीन, म्हणजे पाच. Redmi च्या मागे खरंच एखादा संचालक असेल तर सहा. आकडा जुळला! आणि इथेच खरी फसगत आहे, कारण एकूण संख्या बरोबर आली की नावं कुणी तपासत नाही. यादीत मात्र शेतात गेलेला माणूस हजर धरला गेला, आणि बाकावरचा तिसरा, पूर्ण वेळ ऐकणारा, गैरहजर ठरला. उत्पादक कंपनीच्या संचालक मंडळाची गणपूर्ती एकूण संचालकांच्या एक तृतीयांश, किमान तीन. दहा संचालकांना चार पुरतात, म्हणून ठराव पडणार नाही. पण उद्या कर्ज थकलं आणि 'या ठरावाला कोण कोण बसलं होतं' असा प्रश्न आला, की शेतात गेलेल्या त्या माणसाला न ऐकलेल्या निर्णयाचं उत्तर द्यावं लागेल. ही साधी लेखनातली चूक म्हणून सोडून देण्याजोगी गोष्ट मला वाटत नाही.

मोठ्या बैठकीत तर चित्रही अर्धंच असतं. मोबाइलवर एका पानावर मोजक्याच चौकटी मावतात आणि बोलणाऱ्याप्रमाणे त्या जागा बदलत राहतात. तीन पानांचे तीन स्क्रीनशॉट काढले, तर एक जण दोनदा येतो आणि दुसरा एकदाही येत नाही. शिवाय चित्र एका क्षणाचं. नेमक्या त्या वेळी ज्याची रेंज तुटली, तो दोन तास बसूनही दिसत नाही, आणि शेवटच्या दोन मिनिटांसाठी आलेला ठळक दिसतो.

मुद्दाम खोटं नाव लावणंही किती सोपं आहे, हे दिल्ली उच्च न्यायालयाने २ जून २०२१ रोजी अनुभवलं. जुही चावला यांच्या ५जी विरोधातल्या याचिकेची ऑनलाइन सुनावणी चालू होती. कुणीतरी मधेच सिनेमाची गाणी म्हणू लागलं, आणि पडद्यावर 'मनीषा कोईराला', 'करिश्मा कपूर' अशी नावं उगवली. न्यायालयाने ती नावं खरी मानली नाहीत. गाणाऱ्याला शोधून अवमानाची नोटीस बजावायला सांगितलं. तीच खबरदारी आपल्या Redmi Note 9 बाबत का घेऊ नये?

वाईट याचं वाटतं की यावरचा उपाय कायद्यातच लिहून ठेवला आहे. कंपन्यांच्या संचालक मंडळाच्या बैठकांबाबतचे २०१४ चे नियम आहेत, त्यातला तिसरा नियम व्हीसीचा. सुरुवातीला अध्यक्षांनी हजेरी पुकारायची. प्रत्येक संचालकाने चार गोष्टी स्वतः बोलून सांगायच्या: नाव, कुठून बोलतो ते ठिकाण, विषयपत्रिका आणि कागद मिळाल्याचं, आणि त्या ठिकाणी आपल्याशिवाय दुसरं कुणी बैठकीत नाही किंवा ती ऐकत नाही हे. पुढे कोणत्याही विषयावर बोलण्यापूर्वी पुन्हा ओळख द्यायची. गणपूर्ती शेवटपर्यंत टिकते की नाही, हे बघणं अध्यक्षांचं काम. स्क्रीनशॉटवर भागवा, असं तिथे कुठेही म्हटलेलं नाही.

दहा माणसांची ही हजेरी पाच मिनिटांत होते. 'आवाज येऊन राहिला का?' हे विचारण्यात आपण त्याहून जास्त वेळ घालवतो. नाव पुकारलं की 7th B Roll 14 मधून नातीचा आवाज येईल आणि प्रश्न तिथेच मिटेल. सीएससीतले तिघे एकेक करून नाव सांगतील, एकमेकांच्या शेजारी बसल्याचंही सांगतील आणि तिघेही नोंदले जातील. मधे कुणी उठून गेलं तर तेही लिहायचं, आणि कर्जासारखा ठराव मताला टाकण्याआधी नावं पुन्हा पुकारायची.

झूमच्या पैसे भरलेल्या खात्यावर कोण कधी आलं, कधी गेलं याचा अहवाल निघतो. नाव बदललं असेल तर मूळ नावही त्यात दिसू शकतं. तो जरूर जोडावा, स्क्रीनशॉटही हवा तर ठेवावा. पण अहवालातलं नावही यंत्राचंच. तो वेळ सांगतो, फोन कुणाच्या हातात होता ते सांगत नाही. त्यापेक्षा बैठकीचं रेकॉर्डिंग मोलाचं, कारण त्यात पुकारलेली हजेरी ऐकू येते, आणि ते किमान त्या वर्षाचं लेखापरीक्षण पूर्ण होईपर्यंत जपावं लागतं.

आणि संचालकांनो, एक मुदत लक्षात ठेवा. व्हीसीच्या बैठकीनंतर पंधरा दिवसांत इतिवृत्ताचा मसुदा सर्व संचालकांकडे यायला हवा, आणि तो मिळाल्यावर हरकत घ्यायला साधारण सात दिवस असतात. त्यात काही कळवलं नाही, तर मसुदा मान्य आहे असंच धरलं जातं. तेव्हा व्हॉट्सॲपवर आलेला तो कागद उघडा आणि ठरावाआधी उपस्थितीचा परिच्छेद वाचा. नसताना नाव लागलं असेल किंवा असून सुटलं असेल, तर लगेच लेखी कळवा. इतिवृत्त लिहिणाऱ्यांनी Redmi Note 9 पुढे 'पुकारूनही प्रतिसाद नाही, ओळख पटली नाही' एवढंच लिहावं आणि ती चौकट गणपूर्तीत धरू नये.