९ की १?

खांबच्या एका वसतिगृहातून पुतण्याने नियमावलीचा फोटो पाठवला. "काका, मुद्दे पाडून स्वच्छ लिहून द्या, रेक्टरसरांनी सांगितलंय." गाव महामार्गाच्या कडेला, म्हणून कागदावर धूळ, वर ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा आणि उजवी कड फोटोबाहेर.

पहिलं वाक्यच सात ओळींचं. दार, डबा, पाहुणे आणि गरम पाणी, सगळे 'व'च्या दोरीने एकत्र बांधलेले. सोडवताना एकच पथ्य पाळलं : एका मुद्द्यात एक काम, ते कोणी करायचं आणि किती वाजता.

तिथेच घोडं पेंड खाऊ लागलं. "रात्री ९ वाजता दार बंद." पण तो ९ की १? ओल लागून आकड्याचं पोट फुगलेलं. खाली जेवण ८ ते ८.३० दिसत होतं, तेव्हा ९ असावा. पण अंदाजाचा नियम करू नये, म्हणून फोन केला. रेक्टर म्हणाले, "राहू द्या तसंच. मुलांना ९ वाचून दाखवतो. आमचे पाहुणे उशिरा आले, तर १."

पुढे "परवानगीशिवाय बाहेर जाऊ नये". परवानगी कोणाची, ते कापलेल्या कडेत गेलेलं. मी मुद्दा ४मध्ये नावापुरती रिकामी रेघ ठेवली आणि शेजारी लिहिलं : 'मूळ कागद पाहून भरावे.'

नवी प्रत आता भिंतीवर आहे. त्या रेघेवर कोणीतरी पेन्सिलीने 'आई' लिहिलंय. जुना कागद रेक्टरांनी नव्या प्रतीवरच चिकटवायला घेतला आहे.