नामकरण काका

इंदूरच्या पलासियात राहणाऱ्या मराठी माणसाला दोन गोष्टींचा अभिमान असतो. छप्पन दुकान चालत जाण्याइतकं जवळ आहे, आणि आपलं मराठी अजून शुद्ध आहे. यातली पहिली गोष्ट खरी आहे.

आमच्या बिल्डिंगमधले काका नावं ठेवण्यात पटाईत, दोन्ही अर्थांनी. बाळांची आणि बंगल्यांची नावं त्यांना विचारून ठेवतात. दुसऱ्याने ठेवलेल्या नावांना मात्र ते न विचारता नावं ठेवतात. ‘‘दुकानं छप्पन, हे समजलं. पण कसली? ते जिभेला ठाऊक, पाटीला नाही!’’ असं ते तिथलीच कचोरी खात म्हणतात.

मार्चमध्ये बिल्डिंगच्या आयांनी ठरवलं की मुलांची वापरलेली पाठ्यपुस्तकं दर रविवारी खालच्या मजल्यावर विकायची. टेबल आलं. दर ठरला: पानं शाबूत असतील तर छापील किमतीच्या निम्मा, आणि उत्तरं लिहून भरलेलं वर्कबुक घ्यायचं नाही. फक्त नाव राहिलं होतं, म्हणून ते काकांकडे गेलं आणि काम तीन आठवडे थांबलं.

पहिलं नाव आलं ‘विद्याविनिमय’. वॉचमनने पाटी दोनदा वाचली आणि अदबीने विचारलं, ‘‘काकाजी, यहाँ डॉलर बदलते हैं क्या?’’

मग काका हिंदीकडे वळले. ‘शिक्षा सेतु’. शेजारच्या हिंदी कुटुंबाला आवडलं. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी मात्र नातवाला घेऊन खाली उतरेनात. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण हे त्यांना ठाऊक होतं, पण पन्नास वर्षं इंदुरात काढूनही त्यांना तो शब्द आधी छडीसकट ऐकू येई.

तिसऱ्या नावावर काका स्वतःच खूश होते. ‘वही किताब’. म्हणजे तीच किताब, निम्म्या दामात! पण मराठी घरांतून पहिला प्रश्न आला, ‘‘वह्या दोनशे पानी आहेत का?’’

इथे काकांच्या बाजूने एक सांगायला हवं. ते हट्टी असले तरी परीक्षा चोख घेत. पाटी दाखवायची, झाकायची, आणि समोरचा पहिला प्रश्न काय विचारतो ते डायरीत लिहायचं. ‘‘यहाँ क्या मिलता है?’’ आला की नाव नापास. ‘‘नौवीं का सेट है?’’ आला की पास. नाव आवडलं का, हे ते कधीच विचारत नसत, कारण शेजारी नेहमी हो म्हणतात.

शेवटी एका आईने वैतागून सरळ लिहून आणलं, ‘पुरानी किताबें’. खजूरी बाजारात पिढ्यान् पिढ्या हेच शब्द चालत आले, आपल्याला काय धाड भरली? नववीतली तिची मुलगी म्हणाली, ‘‘मम्मी, मी त्या पाटीखाली उभी नाही राहणार. कोणी क्लासमधलं बघेल.’’ लाजेचं काही तरी करता आलं असतं. खरी अडचण निराळीच निघाली. पाटी वाचून एका बाबांनी विचारलं, ‘‘पुराना कोर्स तो नहीं है?’’

काकांनी डायरी मिटली. 2024मध्ये एनसीईआरटीने सहावीची पुस्तकं बदलली, तेव्हापासून हा शब्द दुतोंडी झाला होता. पुस्तक वापरलेलं आहे की अभ्यासक्रमातून गेलेलं, हे ‘पुरानी’ सांगतच नाही. आईला पहिला अर्थ हवा असतो, दुसऱ्याची धास्ती असते, आणि मुलीला दोन्ही नको असतात.

त्या रात्री काका झोपले नाहीत. सकाळी नाव तयार होतं: ‘भैया-दीदी की किताबें’. मोठ्या भावाची पुस्तकं धाकट्याकडे येतात, हे कुठल्या घराला समजावावं लागतं? वापरलेली, पण कालच्याच वर्गातली. लाजही नाही. फक्त अस्सल इंदुरीपणा म्हणून काकांनी आयत्या वेळी ‘भैया’चं ‘भिया’ केलं आणि दीदीला जागा नाही म्हणून वगळलं. ‘भिया की किताब’ वाचून पोहेवाल्याने विचारलं, ‘‘कौन से भिया ने लिखी?’’ कोणी तरी चुनाव लढवतंय अशीही बातमी दुपारपर्यंत पसरली.

दीदी परत आली. फ्लेक्सवाल्याने मात्र काकांचं ऐकून घेतलं आणि आपल्या मनाने खाली दुप्पट मोठ्या अक्षरांत छापलं: ‘इसी साल के कोर्स की, आधे दाम में. बेचिए भी.’ ‘‘ऊपर वाला नाम रखने के लिए है,’’ तो म्हणाला, ‘‘नीचे वाला पढ़ने के लिए.’’

रविवारी पहिल्या गिऱ्हाइकाने पाटीकडे पाहून ‘‘नौवीं का सेट है?’’ विचारलं. काकांनी डायरी उघडली, आणि तो प्रश्न कुठल्या ओळीच्या नावे मांडायचा यावर त्यांचा फ्लेक्सवाल्याशी अजून फोन चालू आहे.