एफडीभाऊ

डोंबिवलीत ज्या कर-सल्लागाराकडे मी नोकरी करतो, तिथे जुलै महिन्यात नाना प्रकारची माणसे येतात. त्यातला एक प्रकार दारातूनच ओळखू येतो. वय पासष्टीच्या पुढे, हातात साडीच्या दुकानातली जाड पिशवी, आणि पिशवीत मुदत ठेवींच्या पावत्या, बँकवार रबरबँड लावलेल्या. याला आम्ही आपसात एफडीभाऊ म्हणतो.

शेअरबाजार हा शब्द निघाला की एफडीभाऊ पाय आखडून बसतात. त्यांचा विश्वास फक्त पावतीवर. कोणती बँक ज्येष्ठांना किती जास्त देते, कोणती ठेव कधी पिकते, सगळे तोंडपाठ. पाव टक्का जादा मिळतो म्हणून ते भर उन्हात कल्याणला जातील आणि रिक्षाचे पैसे वाचवायला चालत परततील. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात स्वतःचे पेन घेऊन प्रत्येक बँकेत फॉर्म १५एच भरून येत. बँकेच्या दोरीला बांधलेले पेन चालत नाही, हा त्यांचा चाळीस वर्षांचा अनुभव आहे.

त्यांच्या अर्थशास्त्राचे सूत्र एकच: टीडीएस कापला नाही, म्हणजे कर लागत नाही. त्यासाठी ठेवी चार बँकांत वाटलेल्या. ज्येष्ठांना एका बँकेकडून वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंत व्याज मिळाले तर टीडीएस कापला जात नसे (एप्रिल २०२५ पासून ही मर्यादा १ लाख झाली). एखाद्या बँकेत ती ओलांडलीच, तर १५एच आहेच. “आपण कायद्यात राहून कायद्याला चुकवतो,” असे ते अभिमानाने सांगत.

डिसेंबर २०२४ मध्ये अशाच एका एफडीभाऊंच्या मोबाईलवर आयकर खात्याचा संदेश आला. २०२३-२४ च्या विवरणपत्रात दाखवलेले उत्पन्न आणि खात्याकडे आलेली माहिती जुळत नाही, एवढाच त्याचा मतलब. भाऊ तो संदेश छापून, वर लॅमिनेशन करून घेऊन आले.

“धाड पडणार का हो?”

“धाडीत काय नेतील? माझे लोणच्याचे डबे?” सोबत आलेल्या काकूंनी विचारले.

आधी संदेश खरा आहे का ते पाहिले. त्यातली लिंक दाबायची नाही, पत्ता स्वतः टाईप करून incometax.gov.in वर जायचे. भाऊंच्या संदेशात पैशाची मागणी नव्हती, ओटीपीची विचारणा नव्हती. खात्याने त्या महिन्यात असे संदेश पुष्कळांना पाठवले होते. ही मागणीची नोटीस नव्हे. ‘आमच्याकडे हे आले आहे, तुमच्याकडे ते आहे, एकदा ताडून पाहा,’ एवढेच खाते म्हणत होते. कलम १४३(१)(अ) खाली प्रस्तावित फेरफाराचे पत्र आले असते, तर तीस दिवसांत उत्तर देणे भाग होते.

मग एआयएस उघडले. हे वार्षिक माहितीपत्रक आपल्या पॅनवर बँका आणि इतर संस्था जे जे कळवतात त्याची यादी असते. भाऊंनी विवरणपत्रात व्याज दाखवले होते ७०,००० रुपये. यादीत बेरीज होती २,८६,०००. भाऊंनी चष्मा पुसला आणि आकडा पुन्हा वाचला. आकडा तोच राहिला.

“हे सगळे बँकांनी कळवले? टीडीएस तर कुणी कापला नाही!”

भाऊंच्या सूत्राला तडा गेला तो इथे. टीडीएस कापणे आणि व्याज कळवणे ही बँकेची दोन वेगळी कामे आहेत. १५एच दिला की कपात थांबते, कळवणे थांबत नाही. उलट १५एच घेऊन कपात केली नाही, ही नोंदसुद्धा बँक खात्याला देते. आणि त्या फॉर्मवर भाऊंनी सही करून लिहून दिलेले असते की माझ्या एकूण उत्पन्नावर कर शून्य येतो.

आता फरक होता २,१६,००० रुपयांचा. तो सगळाच भाऊंच्या माथी मारायचा नव्हता, म्हणून एकेक ओळ पासबुकाशी लावत गेलो.

एका सहकारी बँकेचे ४१,००० रुपये दोनदा आले होते, एकदा टीडीएसच्या विवरणातून, एकदा व्याजाच्या अहवालातून. भाऊंच्या सत्तर हजारांत ते धरलेलेच होते. त्या जादा ओळीपुढे “Information is duplicate / included in other information” हा पर्याय निवडला.

दुसरे २५,००० रुपये काकूंच्या ठेवीचे. काकू शाळेतून निवृत्त झालेल्या, पैसा त्यांचा, विवरणपत्रात व्याज त्यांनीच दाखवलेले. पण पावतीवर पहिले नाव भाऊंचे, म्हणून बँकेने ते त्यांच्या पॅनवर टाकले. तिथे “Information relates to other PAN/Year” निवडून काकूंचा पॅन दिला.

“पहिले नाव माझेच हवे, असा हट्ट कुणाचा होता?” काकूंनी विचारले. भाऊ छताकडे पाहू लागले.

राहिले १,५०,०००. ही भाऊंची लाडकी पाच वर्षांची ठेव. व्याज हातात न देता मुदलात मिळवत नेणारी.

“पण ते पैसे मला मिळालेच नाहीत! पासबुकात कुठे आहेत?”

पासबुकात नाहीत, पण ठेवीत दर वर्षी मिळवले जातात आणि बँक दर वर्षी कळवते. म्हणून ते वर्षागणिक दाखवत जाणे हीच रुळलेली रीत. पाचव्या वर्षी सगळे एकदम दाखवायला गेले, तर त्या एकाच वर्षाचे उत्पन्न फुगते.

हिशेब असा झाला. पेन्शन ६ लाख, त्यातून प्रमाणित वजावट ५०,०००. उरले साडेपाच लाख. त्यात ७०,००० मिळवून भाऊंनी ६,२०,००० दाखवले होते. नव्या करप्रणालीत तेव्हा ७ लाखांपर्यंत सूट असल्याने कर शून्य. दीड लाख मिळवल्यावर उत्पन्न ७,७०,००० झाले आणि सूट गेली. कर ३२,०००, वर ४ टक्के उपकर, एकूण ३३,२८० रुपये.

“मग यादीत उत्तर दिले, झाले ना काम?” भाऊ उठू लागले. त्यांना पुन्हा बसवले. एआयएसमधला अभिप्राय म्हणजे फक्त यादीची दुरुस्ती, त्याने विवरणपत्र बदलत नाही. दीड लाखांसाठी सुधारित विवरणपत्र भरावे लागते. त्याची मुदत तेव्हा एरवी ३१ डिसेंबर असे, त्या वर्षी १५ जानेवारी २०२५ पर्यंत वाढली. ती हुकली तर अद्ययावत विवरणपत्राचा रस्ता असतो, पण त्यात पहिल्या वर्षी कर आणि व्याज यांवर आणखी २५ टक्के मोजावे लागतात.

पंचवीस टक्के ऐकताच भाऊंनी पिशवीतून चेकबुक काढले. कर ऑनलाइन भरतात हे कळल्यावर त्यांचा चेहरा पडला. पावती मिळेल का, ही त्यांची एकमेव अट होती. चलनाची प्रत छापून दिली, तेव्हा तिला रबरबँड लागला.

असे एफडीभाऊ प्रत्येक सोसायटीत दोन-चार असतात, आणि त्यातला एकही करबुडवा नसतो. पासबुकात दिसले तेवढेच उत्पन्न, एवढीच त्यांची समजूत. तुमच्या घरी कुणी असतील तर जुलैमध्ये विवरणपत्र भरण्याआधी एआयएस उघडून प्रत्येक ओळ पावतीशी ताडून पाहा. चुकीची ओळ असेल तर तिथे कळवा, खरी असेल तर विवरणपत्रात दाखवा. आणि टीडीएस कापू नये म्हणून बँकेच्या फॉर्मवर सही करण्याआधी सगळ्या बँकांचे व्याज एकदा एकत्र मांडून पाहा.