पूर्ण गावात लाईट नव्हती

रात्री साडेदहाला गॅलरीचं दार ओढून घेतो आणि फोन हनुवटीशी धरून अर्धं मिनिट बोलतो. पहिल्या दिवशी हिनं आतून विचारलं, "अहो, कोणाशी बोलताय?" म्हटलं, स्वतःशी. "मग आत बसून बोला, डास शिरतात."

वहीतली डायरी मी दर जानेवारीत धरतो आणि संक्रांतीला सोडतो. बोलून रेकॉर्ड करायला मात्र पेन शोधावं लागत नाही, म्हणून हे टिकलं. पण तीस सेकंद म्हणजे किती, हे बोलल्याशिवाय कळत नाही. माझ्या वेगानं साठेक शब्द. त्यातले दहा "तर... आज काय झालं की" यातच जायचे. आता आधी वार आणि तारीख म्हणतो आणि थेट एकाच गोष्टीवर येतो. वार म्हणणं गरजेचं, कारण फाईलींना फोन जी नावं देतो त्यावरून मंगळवार कुठला आणि गुरुवार कुठला याचा पत्ता लागत नाही. सगळा दिवस सांगायला गेलं तर पाढा होतो: उठलो, गोडाऊनला गेलो, आलो.

रविवारी सातही रात्री कागदावर उतरवायच्या. ऐकायला साडेतीन मिनिटं. हातानं लिहायला बसलो तर मागे-पुढे करत तासभर जातो, म्हणून मी आळशी वाट काढली. माझा फोन वाजवायचा आणि हिच्या फोनच्या कीबोर्डवरचा माइक दाबून मराठीत टाईप होऊ द्यायचं. दोन फोन ओट्यावर एकमेकांसमोर, आणि आम्ही दोघं श्वास रोखून. कारण कुकरची शिट्टी झाली की वाक्य तिथंच तुटतं, आणि मी बोलताना जरा जास्त थांबलो असेन तर माइक आपणहून बंद पडतो. हाती येतं ते विनास्वल्पविराम, विनापूर्णविराम. दीड पान, सलग.

चुका होतात आणि बहुतेक लगेच दिसतात. अंजूर फाट्याचा "अंजीर फाटा" झाला तेव्हा हसलो आणि खोडलं. "कशेळीच्या पुलावर पाऊण तास" याचं "कशाला च्या फुलावर" झालं. तेही खोडलं, पण जरा नाराजीनं, कारण मेट्रोच्या खांबांमधून वाट काढत त्या पुलाशी पोचल्यावर मनात नेमकं तेच येतं. आमच्या गोडाऊनमधले एक काका आगरी बोलतात. त्यांचं बोलणं मी जसंच्या तसं सांगितलं की त्यांच्या "माना"चा, म्हणजे "मला"चा, फोन मानसन्मान करून टाकतो.

या चुका बऱ्या. त्या हात वर करून उभ्या असतात. खरी लबाड चूक भेटली तिसऱ्या आठवड्यात. बुधवारच्या मजकुरात होतं, "पूर्ण गावात लाईट नव्हती." वाचलं, पटलं, पुढे गेलो. लाईट जाते, त्यात काय. पण मग प्रश्न पडला की बुधवारी रात्री आपण तर क्रिकेट बघत होतो! आवाज पुन्हा लावला. मी म्हणालो होतो, "पूर्णा गावात लाईट नव्हती." पूर्णा हे शेजारचं गाव. तिथल्या गोडाऊनची लाईट गेली म्हणून ट्रक आमच्या दारात येऊन उभे राहिले होते, आणि संध्याकाळी चलनांचा ढीग माझ्या टेबलावर पडला होता. एक काना गेला आणि शेजाऱ्याचा अंधार आमच्या अख्ख्या काल्हेरवर आला.

तेव्हापासून नियम केला: कागद वाचायचा तो कानाला आवाज लावूनच. नुसता वाचला तर अर्थहीन चूक सापडते, अर्थपूर्ण चूक सुटते. गावांची, माणसांची नावं आणि आकडे आले की पेन्सिलीनं खूण करतो. विरामचिन्हंही आवाजावरूनच घालतो. नाहीतर "नाही जमलं उद्या बघू" यात मी हरलो होतो की नुसता कंटाळलो होतो, हे दीड पानात कुठेच लिहिलेलं नसतं. गॅलरीबाहेरच्या लूमची खटखट कागदावर येत नाही, त्याबद्दल फोनचे आभार मानावेत की त्याला दोष द्यावा, हे अजून ठरलेलं नाही.

आणखी एक गोष्ट फोनला कळत नाही, ती म्हणजे बोललं कोण. गेल्या आठवड्याच्या कागदावर पाच रात्रींच्या शेवटी एकच वाक्य होतं: "दूध फ्रिजमध्ये ठेवलं का." मी चक्रावलो. दुधाची एवढी काळजी मला कधीपासून? आवाज लावला, तर मागून, दाराच्या फटीतून, ती.

हिनं कागद ओढून घेतला, पेन्सिलीनं पाचही वाक्यांना गोल केला. मग शुक्रवारवर बोट ठेवलं. तिथं प्रश्नापुढे माझं उत्तर उतरलं होतं: "ठेवलं."

"शनिवारी सकाळी नासलेलं कोणी ओतलं?" तिनं विचारलं.